नासाशल्यकर्मानंतरचा शोथ व रंगबदल : रुग्णाने आणलेली छायाचित्रे कशी वाचावीत

अलीकडे आमच्या चिकित्सालयात एक निराळाच रुग्णवर्ग येऊ लागला आहे. हा रुग्ण नाडीसाठी हात पुढे करण्याआधी मोबाईल पुढे करतो. त्यात रोज एक याप्रमाणे काढलेली चेहऱ्याची छायाचित्रे असतात. नाकाचा आकार सुधारण्याची किंवा पापण्यांची शस्त्रक्रिया कोठेतरी मोठ्या शहरात झालेली असते, शल्यचिकित्सकाची पुढील भेट आठवड्याने असते, आणि मधल्या दिवसांत डोळ्यांखाली उमटलेले काळेनिळे डाग पाहून घरची मंडळी घाबरलेली असतात. "सूज उतरायला काहीतरी द्या" ही मागणी मग वैद्यांकडे नाहीतर थेट औषधी दुकानात येते. शस्त्रक्रिया आपण केलेली नसली तरी उत्तर मात्र आपल्याला द्यावे लागते, आणि ते देण्यासाठी प्राकृत क्रम कोणता व त्यातून बाहेर गेलेली अवस्था कोणती, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः नाकाच्या शस्त्रक्रियेचा विचार करणार आहोत. पापण्यांचा उल्लेख जेथे भेद महत्त्वाचा आहे तेथेच येईल.

ज्या रुग्णेच्या छायाचित्रांवरून हा लेख सुचला तिचे वय २६ वर्षे. नाकावरील कुबड कमी करून घेण्यासाठी तिने शस्त्रक्रिया करवली होती. ती पाचव्या दिवशी आईसमवेत आली. आईचे पहिलेच वाक्य असे होते : "वैद्यराज, शस्त्रक्रिया नाकाची सांगितली आणि डोळे काळे झाले, आता तर ते गालावर पसरत चालले आहे."

शस्त्रक्रिया नाकाची, तर डोळे का काळवंडावे, या प्रश्नाचे उत्तर शरीररचनेत आहे. नाकाचा उंचवटा तासून काढला की वरचा भाग छपराविना राहिलेल्या घरासारखा सपाट व उघडा होतो. तो मिटवण्यासाठी दोन्ही बाजूंची नासास्थी गालाकडील पायथ्याशी छेदून आत सरकवावी लागतात. हा छेद डोळ्याच्या आतील कोपऱ्याजवळून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या अगदी निकट असतो. तेथे झिरपलेल्या रक्ताला वाट हवी असते आणि ती सर्वांत सोपी वाट म्हणजे खालची पापणी. पापणीची त्वचा अतिशय पातळ, तिच्याखाली मेद जवळजवळ नाही, ऊती सैल. त्यामुळे थोडे रक्तही तेथे मोठे दिसते. ज्या शस्त्रक्रियेत केवळ नाकाच्या टोकावर काम झाले व अस्थी छेदल्या नाहीत, तेथे डोळ्यांखालील डाग बहुधा अत्यल्प असतात. म्हणून रुग्णाला पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की हाडाला छेद दिला होता काय. रुग्णाला ठाऊक नसल्यास डिस्चार्ज कार्ड पाहावे.

आता तिची छायाचित्रे क्रमाने पाहू.

पहिल्या दिवसाच्या छायाचित्रात नाकावर स्प्लिंट, नाकपुड्यांखाली गॉजची घडी व त्यावर फिकट लालसर ओल होती. पापण्या किंचित जड, आतील कोपऱ्याशी तांबूस-जांभळी छटा. दुसऱ्या दिवशी सकाळचे छायाचित्र पाहून कोणीही दचकेल, कारण दोन्ही डोळे फटीएवढेच उघडे होते. त्याच दिवशी सायंकाळी काढलेल्या चित्रात मात्र ते बरेच उघडलेले दिसत होते. रात्री आडवे झोपल्याने सूज वाढते व दिवसभर बसून-उठून राहिल्याने ती उतरते. तेव्हा सकाळच्या चित्राची तुलना सकाळच्याच चित्राशी करावी. तिसऱ्या दिवशी डाग गर्द जांभळे होते आणि सूज सर्वाधिक होती. शस्त्रक्रियेनंतर साधारण ४८ ते ७२ तासांत शोथ शिखरास पोहोचतो. म्हणजे दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट असणे आणि तिसरा दिवस दुसऱ्याच्या जोडीचा असणे हे प्राकृतच आहे. चौथ्या दिवसापासून मात्र उतार दिसला पाहिजे.

पाचव्या दिवसाचे चित्र, म्हणजे ती आमच्यासमोर बसली होती तो दिवस, विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगा होता. पापण्यांची सूज उतरली होती, डागाची कड हिरवट झाली होती आणि खालचा भाग गालाच्या उंचवट्यापर्यंत ओघळला होता. आईला जे "पसरणे" वाटत होते ते वस्तुतः उतरणे होते. सांडलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने त्वचेखालून खाली सरकते. काहींच्या बाबतीत ते जबड्यापर्यंतही येते. नवीन रक्तस्राव आणि जुन्या रक्ताचे उतरणे यांतील फरक रंगावरून व काठावरून कळतो. उतरणाऱ्या डागाची वरची बाजू फिकट होत जाते आणि एकूण रंग जांभळ्याकडून हिरवट-पिवळ्याकडे झुकतो. नव्या रक्तस्रावात मूळ जागीच रंग पुन्हा गडद होतो व सूज त्याच्यासोबत वाढते.

या रंगक्रमाचे कारण थोडक्यात असे. वाहिनीबाहेर आलेल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यातील हिमोग्लोबिनचे प्रथम बिलिव्हर्डिन या हिरव्या द्रव्यात आणि नंतर बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यात रूपांतर होते. लोहाचा अंश हिमोसायडरिन या तपकिरी रूपाने काही काळ मागे राहतो. म्हणून तांबडा-जांभळा, निळसर, हिरवट, पिवळा व शेवटी फिकट तपकिरी असा हा प्रवास होतो आणि बहुतेक रुग्णांत १० ते १४ दिवसांत संपतो. एकाच डागात एकाच वेळी दोन-तीन रंग असणे स्वाभाविक आहे, कारण पातळ थर आधी विरतो व जाड थर मागे राहतो. त्यामुळे निव्वळ रंगावरून "हा डाग अमुक दिवसांचा" असे ठामपणे सांगू नये. रंगाची दिशा मात्र पाहावी. आपल्याकडील गव्हाळ व सावळ्या वर्णावर हिरवी-पिवळी अवस्था अनेकदा उठून दिसतच नाही, जांभळ्यातून थेट तपकिरी झाल्यासारखे वाटते, आणि तो तपकिरीपणा काही आठवडे रेंगाळू शकतो. पाश्चात्य रुग्णांची चित्रे पाहून आपल्या रुग्णाने स्वतःची तुलना करणे या कारणाने फसवे ठरते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उमटणारा लालभडक ठिपका हीदेखील अशीच घाबरवणारी पण बहुधा निरुपद्रवी गोष्ट होय. तो वेदनारहित असतो, दृष्टी स्वच्छ असते, आणि दोन ते तीन आठवड्यांत विरून जातो. डोळ्यांत कोणताही अर्क वा थेंब घालण्याचे कारण नाही.

आम्ही आईला हा क्रम समजावून दिला. लेप मागितला होता, तो दिला नाही. स्प्लिंटच्या कडांशी ओलसर लेप लावल्यास तिची चिकटपट्टी सुटते व ओल आत साठते. डोके उशांवर उंच ठेवून झोपणे, खाली न वाकणे, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवणे आणि नाक न शिंकरणे, एवढे सांगून त्यांना परत पाठवले. येथे आमच्याकडून एक प्रश्न विचारायचा राहून गेला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

सातव्या दिवशी स्प्लिंट निघाली. त्या सायंकाळचे चित्र तिने रडत दाखवल्याचे आईने दूरध्वनीवरून सांगितले. नाक पूर्वीपेक्षा रुंद, टोक वर उचललेले, त्वचा तेलकट व पुरळयुक्त. हाही प्राकृत क्रमाचाच भाग आहे. स्प्लिंट असते तोवर तिचा दाब सूज आवरून धरतो. ती निघाल्यावर दोन-तीन दिवस नाक किंचित अधिक फुगते. टोक वर दिसते ते बव्हंशी सुजेमुळे. पुढील आठवड्यांत ते खाली येते. कुबड काढलेला भाग प्रथम निवळतो आणि टोकाची सूज सर्वांत शेवटी. पहिल्या महिन्यात बरीचशी सूज जाते हे खरे, परंतु टोकाचा अंतिम आकार दिसण्यास एक वर्ष लागते व त्वचा जाड असल्यास त्याहूनही अधिक. तिसऱ्या महिन्यात "शस्त्रक्रिया फसली" असे म्हणणारा रुग्ण बहुधा टोकाची सूजच पाहत असतो. दोन बाजूंची सूज सारख्या वेगाने उतरत नाही, त्यामुळे काही आठवडे नाक वाकडे भासू शकते.

छायाचित्राच्या मर्यादांविषयी येथेच सांगून टाकतो. हातभर अंतरावरून स्वतःच काढलेले छायाचित्र नाक मोठे दाखवते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाकाचा पाया, ५ फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद भासतो असे गणिताने दाखवले होते. आमच्या रुग्णेची रडण्यास कारण झालेली चित्रे अशीच हातभर अंतराची होती. भरीस भर म्हणजे पिवळ्या दिव्याखाली डाग अधिक पिवळा दिसतो, पांढऱ्या नळीखाली अधिक निळा, आणि मोबाईलमधील चेहरा उजळवणारी सोय चालू असेल तर सूज व डाग दोन्ही पुसले जातात. आम्ही आता रुग्णांना एकच रीत सांगतो : सकाळी एकाच वेळी, खिडकीकडे तोंड करून, दुसऱ्या व्यक्तीने चार-पाच फुटांवरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चित्र काढावे, उजळवणारी सोय बंद ठेवावी. दूरध्वनीवर आलेल्या एकाच चित्रावरून मत देऊ नये. आधीची दोन चित्रे मागवावीत.

या सवयीचाच उपयोग पुढे झाला. नवव्या दिवशी सकाळी आईने चित्र पाठवले. डाव्या डोळ्याखाली, जेथे सातव्या दिवशी फिकट पिवळा डाग होता, तेथे पुन्हा जांभळा रंग आला होता व पापणी फुगली होती. उजवी बाजू क्रमाप्रमाणे पिवळीच होती. रात्री नाकातून ताजे रक्त आल्याचेही चौकशीअंती कळले. एकटे नवव्या दिवसाचे चित्र पाहिले असते तर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या डागाइतके ते साधे वाटले असते. सातव्या दिवसाच्या चित्राशेजारी ठेवल्यावर ते निराळे ठरले, कारण रंगाची दिशा उलटली होती. आम्ही त्यांना त्याच क्षणी शल्यचिकित्सकाशी बोलून निघण्यास सांगितले.

आणि तेव्हा तो राहून गेलेला प्रश्न विचारला : सध्या कोणकोणती औषधे पोटात जात आहेत? उत्तर ऐकून आम्ही ओशाळलो. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका तक्रारीसाठी आम्हीच दिलेल्या लशुनाच्या कॅप्सूल ती शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत घेत होती आणि तिसऱ्या दिवसापासून तिने त्या पुन्हा सुरू केल्या होत्या. शल्यचिकित्सकाच्या अर्जात "चालू औषधे" या रकान्यात तिने "काही नाही" असे लिहिले होते. आयुर्वेदिक औषध हे औषध म्हणून सांगायचे असते हेच तिला वाटले नव्हते. त्यात डोकेदुखीसाठी आठव्या दिवशी दुकानातून आणलेली अॅस्पिरिनयुक्त गोळी घेतली गेली. नवीन रक्तस्राव यामुळेच झाला असे आम्ही म्हणू शकत नाही. त्याच दिवशी तिने खाली वाकून जड बादली उचलली होती. परंतु तिन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या होत्या आणि त्यांपैकी एक आमच्या हातची होती.

लशुन रक्तबिंबिकांचे एकत्र येणे मंदावतो हे आता सर्वमान्य आहे. शस्त्रक्रियेपूर्वी किमान ७ दिवस तो बंद ठेवावा असे भूलतज्ज्ञ सांगतात व सौंदर्यशल्यचिकित्सक बहुधा दोन आठवड्यांची मुदत देतात. हे अर्कयुक्त कॅप्सूल व गोळ्यांविषयी आहे, फोडणीतल्या चार पाकळ्यांविषयी नव्हे. गिंको, जिनसेंग, माशाचे तेल, ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा यांना हीच सूचना लागू केली जाते. हरिद्रेचा तीव्र अर्क व गुग्गुळ कल्प यांचाही बिंबिकांवरील परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला असल्याने आम्ही तेही या काळात थांबवतो. विक्रेत्यांनी एवढे जरूर करावे, की डोळे काळेनिळे झालेला अथवा नाकावर पट्टी असलेला ग्राहक वेदनाहर मागू लागला तर अॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नये. शल्यचिकित्सकाने लिहून दिलेलेच द्यावे. "सुजेवर हळदीच्या कॅप्सूल चालतील का" या प्रश्नालाही तेच उत्तर.

नस्याविषयी स्वतंत्रपणे सांगणे प्राप्त आहे, कारण नाकाची तक्रार म्हटली की आपला हात अणुतैलाच्या बाटलीकडे जातो. या शस्त्रक्रियेनंतर आतील श्लेष्मलत्वचेला टाके असतात, खपल्या धरलेल्या असतात, क्वचित आत सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. तेथे स्नेह सोडल्याने खपल्या सैल होऊन रक्तस्राव होण्याचा व तेल साठून राहण्याचा धोका आहे. नस्यापूर्वीचा मुखाभ्यंग व स्वेद तर अधिकच अयोग्य, कारण छेदलेली नासास्थी स्थिर होण्यास सुमारे ६ आठवडे लागतात. तोवर नाकाच्या दांडीवर चष्मा ठेवण्यासही मनाई असते, मग मर्दनाची गोष्टच नको. कोरडेपणासाठी शल्यचिकित्सक मिठाच्या पाण्याचा फवारा देतात, तो पुरेसा असतो. पहिल्या दोन दिवसांतील गार शेक डोळ्यांवर व गालांवर, कापडातून द्यावा. नाकावर बर्फ ठेवू नये.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात आम, पच्यमान व पक्व शोथ ओळखण्यास सांगितले आहे. येथे तीच दृष्टी उपयोगी पडते. या रुग्णांतील प्राकृत शोथ पच्यमान होत नाही. तो ताणलेला असतो, जड असतो, परंतु तिसऱ्या दिवसानंतर उष्णता, लाली व ठणका रोज कमी होत गेला पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर एका जागी लाली वाढत असेल, स्पर्श उष्ण असेल, ठणका व ज्वर असेल, तर ती जंतुसंसर्गाची खूण समजून रुग्णास परत पाठवावे. पाचनार्थ लेप लावून वाट पाहू नये.

याहून गंभीर दोन अवस्था अशा आहेत, की ज्या बाहेरच्या छायाचित्रात दिसतही नाहीत किंवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिली, नाकाच्या पडद्यात रक्त साठणे. पडद्यातील कूर्चेला रक्तपुरवठा तिच्या आवरणातून होतो. आवरण व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठले की कूर्चा उपाशी पडते आणि काही दिवसांत विरघळून नाकाची पाठ खोगिरासारखी बसते. बाहेरून चेहरा क्रमाप्रमाणे सुधारत असतो, पण रुग्ण सांगतो की नाक दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद झाले आहे व आतला ठणका वाढत आहे. सुजेने नाक चोंदणे या काळात सर्वांनाच होते, म्हणून वाढता ठणका हा शब्द महत्त्वाचा. टॉर्चच्या उजेडात पडदा दोन्हीकडे फुगलेला दिसल्यास काडीने चाचपत बसू नये. त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे वा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे.

दुसरी अवस्था पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतरची. पापण्यांच्या सुजेचा क्रम नाकासारखाच, दोन-तीन दिवसांत शिखर व दोन आठवड्यांत उतार असा आहे. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात व छेदाची गुलाबी रेघ पुढे काही आठवडे ते महिने राहते. परंतु क्वचित नेत्रगोलामागे रक्तस्राव होतो, बहुतांशी पहिल्या २४ तासांत. एकाच डोळ्यात तीव्र वेदना, डोळा पुढे आल्यासारखा व दगडासारखा घट्ट, दृष्टी अंधूक किंवा दुहेरी, अशी लक्षणे दिसतात. दृक्-नाडीवर दाब पडून दीड-दोन तासांत कायमचे अंधत्व येऊ शकते. अशा वेळी कोणी "सूज फार आहे, चित्र पाठवतो" असे म्हणाले तर चित्राची वाट न पाहता एकच प्रश्न विचारावा : दुसरा डोळा झाकून या डोळ्याने हाताची बोटे मोजता येतात का? नीट येत नसल्यास किंवा वेदना एकाच बाजूला असह्य असल्यास जवळच्या नेत्ररुग्णालयात ताबडतोब न्यावे. शस्त्रक्रिया केलेल्या दूरच्या शहराकडे निघू नये.

आमच्या रुग्णेच्या नाकाचा पडदा शल्यचिकित्सकांनी त्याच दुपारी तपासला. आत रक्त साठलेले नव्हते. डाव्या बाजूस खपलीखाली स्रवणारी जागा होती. तेथे औषधयुक्त पट्टी दोन दिवस ठेवली. लशुन व ती गोळी बंद झाली. डावा डाग उजव्यापेक्षा नऊ दिवस मागे राहून विरला. बाविसाव्या दिवसाच्या चित्रात डाव्या पापणीखाली फिकट तपकिरी छटा तेवढी होती. तिच्यासाठी आम्ही उन्हात टोपी वापरण्यास सांगितले, दुसरे काही दिले नाही. तिसऱ्या महिन्यात ती टोक अजून जाड वाटते म्हणून आली, तेव्हा आम्ही तिची सातव्या दिवसाची व त्या दिवशीची बाजूची चित्रे शेजारी ठेवून दाखवली. आता आमच्या केसपेपरवर "चालू औषधे" हा रकाना रुग्णाकडून न भरवता आम्ही स्वतः विचारून भरतो, आणि त्याखाली "येत्या महिन्यात कोणती शस्त्रक्रिया ठरली आहे काय" ही ओळ छापून घेतली आहे.